मीटरच्या फोटोत दोन आकड्यांमध्ये थांबलेली चाकं: आकडा कसा ठरवायचा

प्रश्न: पाण्याच्या मीटरचे फोटो मॉडेलकडून वाचून घेतोय. आकडे स्पष्ट असले की रीडिंग बरोबर येतं, पण शेवटची एक-दोन चाकं दोन आकड्यांच्या मध्ये असली की कधी आधीचा आकडा येतो, कधी पुढचा. ‘मधला’ असा अकरावा वर्ग ठेवून पाहिला, तरी रीडिंग ठरत नाही. लेबल कसं द्यायचं आणि शेवटी आकडा कुठला धरायचा?

उत्तर:

एकेका चाकाचा आकडा त्या चाकाकडे बघून ठरवायचा, इथेच गडबड होते. अर्धवट फिरलेल्या चाकावर कुठला आकडा धरायचा हे त्याच्या उजवीकडचं चाक सांगतं. म्हणून मॉडेलकडून आकडा मागू नका, चाकाची स्थिती मागा. ७ आणि ८ च्या बरोबर मध्ये असेल तर ७.५. मग सगळ्या चाकांच्या स्थिती हातात आल्या की उजवीकडून डावीकडे एकदा हिशेब करा. पण हा हिशेब का चालतो ते समजायला आधी मीटरच्या आत काय होतं ते बघावं लागेल.

सगळ्यात उजवीकडचं चाक बहुतेक मीटरमध्ये सतत फिरत असतं. ते कुठेही थांबू शकतं, त्यामुळे त्याचं ‘मध्ये’ असणं अगदी नेहमीचं आहे. त्याच्या डावीकडची चाकं मात्र तशी फिरत नाहीत. दोन चाकांमध्ये एक छोटं दातेरी चाक असतं. उजवीकडचं चाक ० पासून ९ पर्यंत जात असताना ते डावीकडच्याला जागेवर धरून ठेवतं, आणि उजवीकडचं ९ वरून ० कडे निघालं की तेवढ्याच टप्प्यात डावीकडच्याला एक घर पुढे सरकवतं. कागदावर बेरीज करताना हातचा जातो तेच इथे दात्यांनी होतं. पाण्याच्या मीटरसाठीच्या ओआयएमएल आर ४९ आणि आयएसओ ४०६४ या मानकांत नेमकं हेच मागितलं आहे: कुठल्याही चाकाचं सरकणं त्याच्या लगतचं उजवीकडचं चाक ९ वरून ० वर जाताना पूर्ण व्हायला हवं, आणि फक्त सगळ्यात लहान स्थानाचं चाक सतत फिरलं तरी चालेल. चाकांचा दर्शनी भाग वरच्या दिशेनं सरकावा हेही त्यात आहे. म्हणजे खिडकीत वर ३ चा खालचा तुकडा आणि त्याच्याखाली ४ चा वरचा तुकडा दिसत असेल, तर चाक ३ कडून ४ कडे चाललंय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, डावीकडचं चाक मध्ये असेल तर त्याच्या उजवीकडची झाडून सगळी चाकं ९ आणि ० च्या मध्येच असायला हवीत. दुसरी, ती सगळी साधारण एकाच अपूर्णांकावर असायला हवीत. शेवटचं चाक ९.६ वर असेल तर त्याच्याबरोबर फिरणारं प्रत्येक चाक आपापल्या आकड्याच्या ०.६ पुढे असतं. शेवटचं चाक ४ वर असताना त्याच्या शेजारचं अर्धवट दिसलं, तर एक तर तुमचं मोजमाप चुकलंय किंवा मीटरच्या दात्यांमध्ये ढिलाई आहे. योग्य चालणाऱ्या मीटरमध्ये ती स्थिती येतच नाही.

आता तुमचा अकरावा वर्ग. त्यानं नुकसान असं होतं की ‘मधला’ म्हटल्यावर कुठल्या दोघांच्या मधला आणि किती पुढे गेलेला, या दोन्ही गोष्टी हरवतात. नेमक्या त्याच पुढच्या हिशेबाला लागतात. त्यापेक्षा प्रत्येक चाकाला ०.० ते ९.९ अशी दशांशातली लेबलं द्या. लेबल देणाऱ्यांना खूण सोपी सांगा: खिडकीची मधली आडवी रेघ कल्पायची आणि ती आकड्याला कुठे कापते ते बघायचं. आकडा नीट मध्यावर असला तर .०, दोन आकड्यांमधली मोकळी पट्टी रेघेवर आली तर .५. डोळ्यांनी दशांशापेक्षा बारीक कुणालाच नीट सांगता येत नाही आणि त्याची गरजही नाही. दोन माणसांच्या लेबलांत ०.१ चा फरक राहिला तरी पुढचा हिशेब तो सहज पचवतो.

मॉडेलकडून ही संख्या थेट काढायला लावू नका. ९.९ आणि ०.० चाकावर शेजारी आहेत, पण संख्या म्हणून दोन टोकांना. साधा फरक मोजणाऱ्या मॉडेलला ९ आणि ० च्या मध्ये शंका आली की ते सरासरी काढतं आणि ५ च्या आसपास काहीतरी देतं. त्याऐवजी कोनाची ज्या आणि कोज्या अशा दोन संख्या शिकवा, म्हणजे `sin(2*pi*x/10)` आणि `cos(2*pi*x/10)`, आणि शेवटी `atan2` ने स्थिती परत काढा. शंभर वर्ग ठेवून वर्गीकरण केलंत तरी चालतं, फक्त तिथेही उत्तर एकत्र करताना वर्तुळाकार सरासरी घ्या.

इथे दोन चुका मी वारंवार पाहतो, आणि दोन्ही मॉडेल शिकवायच्या आधीच्या आहेत. पहिली क्रॉपची. आकडे शोधणारा डिटेक्टर लावला की तो चौकट आकड्याला चिकटवतो. चाक वर सरकलं तर चौकटही वर सरकते, आणि कापलेल्या तुकड्यात आकडा पुन्हा मधोमध येतो. तुम्हाला हवा असलेला अपूर्णांक त्या क्षणीच पुसला गेला. क्रॉप नेहमी खिडकीच्या कडांवरून ठरवा: चार कोपरे शोधा, खिडकी सरळ करा, आणि मग चाकांच्या संख्येनं उभे भाग पाडा. दुसरी चूक म्हणजे शिकवताना चित्रं वर-खाली सरकवणं. इतर आकड्यांच्या कामात हे निरुपद्रवी असतं, इथे वर-खाली सरकणं हेच लेबल आहे. एका घराच्या दहाव्या भागाइतकं चित्र सरकलं तर लेबलही ०.१ ने बदलायला हवं. बदलणार नसाल तर उभं सरकवणं बंदच ठेवा. बाजूला सरकवणं, उजेड, धूसरपणा यांना हरकत नाही.

सरकण्याचा उलट फायदाही घेता येतो. एकाच प्रकारच्या मीटरच्या स्पष्ट फोटोंमधून ० ते ९ हे दहा आकडे कापून एक उभी पट्टी जोडा, ९ नंतर पुन्हा ० येईल अशी. या पट्टीवरून खिडकीएवढा तुकडा हव्या त्या जागी कापला की अचूक लेबल असलेलं अर्धवट चाक तयार होतं. हे करावंच लागतं, कारण खऱ्या फोटोंत अशी चाकं फार विरळ सापडतात. तीन लाल आणि पाच काळी चाकं असलेला मीटर घ्या, शेवटचं चाक लिटरचं. शेवटून दुसरं चाक दहातल्या एका फोटोत फिरताना सापडेल, तिसरं शंभरातल्या एका, आणि घनमीटरचं काळं चाक हजारातल्या एका. आहेत तेवढ्याच फोटोंवर शिकवलंत तर मॉडेलनं फिरतं काळं चाक जवळपास पाहिलेलंच नसतं. लाल चाकांऐवजी काटे असलेल्या मीटरची गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येतो.

आता स्थिती मिळाल्या असं धरू. हिशेबाआधी एक दुरुस्ती करावी लागते ती कॅमेऱ्याच्या कोनाची. चाकं खिडकीच्या चौकटीच्या किंचित मागे असतात. फोन वरून किंवा खालून तिरका धरला तर चौकट कितीही सरळ केली तरी आतले आकडे थोडे वर किंवा खाली सरकलेले दिसतात. समजा चाक चौकटीच्या दीड मिलिमीटर मागे आहे आणि कॅमेरा २० अंश तिरका. सरक साधारण अर्धा मिलिमीटर. दोन आकड्यांमधलं अंतर सहा मिलिमीटर असेल तर ही जवळजवळ ०.१ घराची चूक झाली. सुदैवानं ती सगळ्या चाकांना सारखीच लागते, आणि ती मोजण्याचं साधन फोटोतच असतं. डावीकडची तीन-चार चाकं जवळजवळ नेहमीच स्थिर असतात, त्यामुळे ती पूर्ण आकड्यावर दिसायला हवीत. ती जेवढी हललेली दिसतात त्याचा मध्यक काढा आणि तो सगळ्या चाकांमधून वजा करा.

एक फोटो घेऊन पाहू. पाच काळी, तीन लाल चाकं. मॉडेलनं दिलेल्या स्थिती डावीकडून अशा:

```
0.09  0.12  3.08  1.11  7.56 | 9.66  9.63  9.74
```

पहिल्या चार चाकांची सरक ०.०९, ०.१२, ०.०८, ०.११. मध्यक ०.१०. तो वजा केला:

```
-0.01  0.02  2.98  1.01  7.46 | 9.56  9.53  9.64
```

प्रत्येक चाक स्वतंत्रपणे जवळच्या आकड्याला नेलं तर ०, ०, ३, १, ७ आणि मग तिन्ही लाल चाकं १० म्हणजे ०. रीडिंग आलं ३१७.०००. मीटर खरं तर ३१८ घनमीटरच्या उंबरठ्यावर आहे. एक सगळा घनमीटर गायब झाला, आणि तोसुद्धा प्रत्येक चाक ‘बरोबर’ वाचून. दुरुस्ती न करता मूळ आकडे जवळ नेले असते तर ३१८.००० आलं असतं, पण ते निव्वळ योगायोगानं. ७.५६ ऐवजी ७.४८ आलं असतं की तीच चूक पुन्हा. नेहमी खालचा आकडा धरायचा असं म्हणाल तर इथे ७, ९, ९, ९ बरोबर येतं, पण तिकडे २.९८ वर असलेलं स्थिर चाक २ होतं आणि शंभर घनमीटर उडतात. म्हणून या दोन्हींपैकी एकही नियम सगळ्या चाकांना लावता येत नाही.

उजवीकडून जाऊ. शेवटचं चाक ९.६४, म्हणजे आकडा ९, आणि हातचा ०.६४ वाटेत आहे. पुढचं ९.५३. त्यातून ०.६४ वजा केले की ८.८९, जवळचा आकडा ९, उरलेला फरक ०.११. हेही ९ निघालं, म्हणजे हातचा आणखी डावीकडे जातोय. ९.५६ वजा ०.६४ बरोबर ८.९२, पुन्हा ९, फरक ०.०८. मग ७.४६ वजा ०.६४ बरोबर ६.८२, आकडा ७, फरक ०.१८. हे चाक ९ नाही, म्हणून हातचा इथेच संपला. यापुढे अपूर्णांक शून्य धरायचा: १.०१ म्हणजे १, २.९८ म्हणजे ३, मग ०, ०. रीडिंग ३१७.९९९ आणि वर ०.६४ लिटर.

कोडमध्ये हे एवढंच आहे:

```python
def decode(s):
    last = s[-1] % 10
    d = int(last) % 10
    f = last - 9 if d == 9 else 0.0
    digits, resid = [d], []
    for x in reversed(s[:-1]):
        d = round(x - f)
        resid.append(abs(x - f - d))
        d %= 10
        digits.insert(0, d)
        if d != 9:
            f = 0.0
    return digits, max(resid)
```

उंबरठ्यावर हे कसं वागतं ते स्वतः आकडे घालून बघा, कारण बाकीच्या पद्धती तिथेच कोसळतात. शेवटचं चाक खरं ९.९७ वर आहे आणि मॉडेलनं चुकून ०.०३ दिलं. मग हातचा शून्य धरला जातो. शेजारची चाकं ९.९७, ९.९७, ७.९७ वर आहेत, ती जवळच्या आकड्याला जाऊन ०, ०, ८ होतात. रीडिंग ३१८.०००, खऱ्या किमतीपासून एक लिटरसुद्धा दूर नाही. उलट बाजूनं चूक झाली तर ३१७.९९९ येतं. दोन्हीकडून उत्तर सलग राहतं. शेवटच्या चाकाच्या मोजणीत थोडीशी चूक झाली म्हणून डावीकडे उडी बसत नाही.

`resid` मधला सर्वांत मोठा फरक हा तुमचा विश्वासाचा आकडा आहे, आणि मला तो मॉडेलनं स्वतः सांगितलेल्या खात्रीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. वरच्याच फोटोत शेवटच्या चाकावर चमक पडली आणि मॉडेलनं ९.६४ ऐवजी ०.६४ दिलं असं समजा. हिशेब हातच्याविना पुढे जातो आणि ३१७.००० देतो, पण फरक मात्र ०.४७, ०.४४, ०.४६ असे निघतात. तीन चाकं एकाच वेळी अर्ध्यावर आणि उजवीकडचं ९ च्या टप्प्यात नाही, असं होऊच शकत नाही, आणि हे फरक नेमकं तेच सांगतात. मी ०.३ च्या वर फरक गेला की रीडिंग नाकारतो आणि फोटो पुन्हा मागवतो. नवीन प्रकारच्या मीटरसाठी ही मर्यादा शे-दोनशे फोटो हातानं वाचून पुन्हा ठरवावी. दात्यांमधली ढिलाई प्रत्येक बनावटीत सारखी नसते. स्थिर चाकं ०.१ च्या आत-बाहेर डुलताना दिसली तर मात्र काळजीचं कारण नाही.

एकाच मीटरचं एकच चाक प्रत्येक फोटोत त्याच बाजूला तेवढंच सरकलेलं दिसत असेल, तर ते चाक बसवतानाच तसं बसलंय. त्या मीटरच्या नोंदीत त्या चाकाची सरक ठेवून द्या आणि हिशेबाआधी वजा करा. पण सरक दर महिन्याला वाढत असेल तर दाते झिजताहेत. तिथे दुरुस्ती करत बसू नका, मीटर तपासणीला पाठवा.

मागच्या रीडिंगशी तुलना करायला माझी ना नाही, पण तिचा वापर फक्त शंका घेण्यासाठी करा. ‘मागच्यापेक्षा कमी आलं, म्हणून हा आकडा एकनं वाढवू’ असं कोडमध्ये लिहिलंत की मागच्या महिन्यातली चूक पुढे कायमची चिकटते, कारण त्यानंतरचं प्रत्येक खरं रीडिंग तिला जुळेपर्यंत बदललं जातं. नकारात्मक वापर दिसला तर दोन्ही फोटो माणसानं बघावेत.

आता काट्यांचे मीटर. यात काळी चाकं घनमीटरची असतात आणि त्याखालचं स्थान ×०.१, ×०.०१ अशा छोट्या लाल काट्यांवर वाचायचं. हिशेब तोच, फक्त सुरुवात काट्यापासून: काट्याची स्थिती हीच उजवीकडच्या चाकाची स्थिती. अडचण अशी की घनमीटरचं चाक काट्याबरोबर नेमकं कधी हलतं हे बनावटीनुसार बदलतं. काहींत ते ×०.१ चा काटा ९ ओलांडल्यावरच हलतं, तर काहींत सतत सरकत राहतं, आणि मग काटा ५ वर असताना चाक अर्ध्यावर दिसणं अगदी बरोबर असतं. हे अंदाजानं ठरवू नका. एका मीटरचे, ×०.१ च्या काट्याच्या एका पूर्ण फेरीत पसरलेले वीस-एक फोटो घ्या आणि काट्याच्या स्थितीपुढे चाकाचा अपूर्णांक मांडा. आलेख ९ पर्यंत सपाट राहून मग चढला तर वरचा कोड जसाच्या तसा चालेल. तिरकी सरळ रेघ आली तर घनमीटरच्या चाकासाठी `f` म्हणजे काट्याची स्थिती भागिले १०. त्याच्या डावीकडच्या चाकांना पुन्हा नेहमीचाच नियम. ×०.१ चा काटासुद्धा आकड्याच्या रेघेवर असेल तेव्हा ×०.०१ च्या काट्याकडे बघूनच ठरवा. तो ९ च्या पुढे आणि ० च्या आत असेल तर मोठ्या काट्यानं रेघ अजून ओलांडलेली नाही.

बिलाला फक्त पूर्ण घनमीटर लागत असतील तर हिशेबातून आलेला आकडाच घ्या, वरच्या फोटोत ३१७. चाकावर ८ चा बराचसा भाग दिसत असला तरी ३१८ वा घनमीटर अजून पूर्ण झालेला नाही. उरलेलं पाणी पुढच्या रीडिंगमध्ये आपोआप येतं, त्यामुळे कुणाचंच नुकसान होत नाही.

नळ चालू असताना काढलेल्या फोटोत शेवटचं चाक फासटलेलं येतं. बाकीची चाकं ठाम पूर्ण आकड्यांवर असतील तर घनमीटरच्या रीडिंगला त्यानं काही फरक पडत नाही, तो फोटो चालवून घ्या. शेजारची चाकंही मध्ये असतील तर पाणी बंद करून पुन्हा फोटो काढायला सांगा.

तपासणीसाठी आकड्यांची टक्केवारी वापरू नका. आठपैकी सात चाकं बरोबर आणि हजारात एकदा एक घनमीटरची चूक, हे त्या टक्केवारीत सुंदरच दिसतं. त्याऐवजी चूक लिटरमध्ये मोजा, आणि तपासणीच्या संचात निदान निम्मे फोटो असे ठेवा की शेवटचं चाक ९ आणि ० च्या मध्ये असेल. खरे कमी पडले तर पट्टीवरून तयार केलेले घाला, पण खऱ्यांचा निकाल वेगळा नोंदवा.